काशीची शेवटची सोळा पानं

देवगाव रंगारी,
४ मे २०२५

ती. स्व. इंद्रजीतमामा यांस,
सा. जयभीम वि. वि.

फोन केला असता, पण दोन खोल्यांच्या घरात बाबांना सगळं ऐकू जातं, म्हणून हा लांबलचक मेसेज. तुम्ही आईचे भाऊ आहात हे घडीभर बाजूला ठेवा. पुस्तकाच्या दुकानदाराला गिऱ्हाईक लिहितंय असं समजा.

एक जूनला बाबांचा वाढदिवस. गुरुजींनी शाळेत लावून दिलेला, अर्ध्या गावाचा असतो तोच. मला त्यांना ‘निवडुंगाचा बांध’ ही कादंबरी द्यायची आहे. लेखक आठवत नाही. हिरवट कव्हर होतं आणि नायिकेचं नाव काशी. बाबा एसटीच्या वर्कशॉपातून आले की गावच्या वाचनालयातली ती प्रत आईला वाचून दाखवायचे. आईला अक्षरओळख नव्हती. पुस्तक पान २०८ ला थांबायचं आणि पुढं पुन्हा १९३ सुरू व्हायचं. मग पुढचं आई स्वतःच रचून सांगायची. वाचनालय बंद पडलं, प्रत कुठं गेली कोणास ठाऊक.

आई जानेवारीत गेली, तेव्हापासून बाबा जेवतात, बसतात, झोपतात. बोलत नाहीत. पेपरसुद्धा घडी न मोडता पडून असतो. माझंही तसंच आहे. भाकरी करते, मी शिकवते त्या शाळेचे सुटीतले कागद भरते, रडू मात्र येत नाही. हे पुस्तक तरी ते उघडतील, एवढीच आशा.

घरात सर्वांना जयभीम. माया आहेच, ती आटू देऊ नका.

आपली,
अमृता

•

छत्रपती संभाजीनगर,
१३ मे

चि. अमृता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गिऱ्हाईकबाई, ‘हिरवट कव्हर’ एवढ्या खुणेवर दुकानदाराला कामाला लावणारी तू पहिली नाहीस. पण तुझ्या १९३ नं काम सोपं केलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. बांधणाऱ्यानं तेरावा फर्मा दोनदा घेतला आणि चौदावा राहिला. अशी चूक एका प्रतीत होत नाही, गठ्ठाच्या गठ्ठा तसा निघतो. म्हणजे नुसती प्रत मिळून भागणार नाही, शेवट तपासूनच घ्यावी लागणार.

प्रकाशकानं केव्हाच गाशा गुंडाळला. त्याच्या पुतण्याला विचारलं, तर उरलेला साठा रद्दीत गेला म्हणाला. मग आम्हा जुनी पुस्तकं विकणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं. लातूरच्या एकानं लगेच कव्हरचा फोटो पाठवला. मी नावाचं पान, त्याच्या मागची आवृत्तीची ओळ आणि शेवटचं पान मागितलं. शेवटी २०८ च निघालं! त्याला नको म्हणून कळवलंय.

तुझ्या बाबांना, धोंडिबारावांना जप. तुझ्या आईचा, गोजरअक्काचा विषय मीही दुकानात काढत नाही.

तुझा,
इंद्रजीतमामा

•

छत्रपती संभाजीनगर,
२६ मे

चि. अमृता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सापडली! नाशकातल्या एका बंद झालेल्या वाचनालयाची, पूर्ण २२४ पानी. वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत मी एकदम घेत नाही, चोरीची असू शकते. पण हिच्यावर ‘निर्लेखित’ असा रद्द केल्याचा शिक्का आहे, म्हणून घेतली. कसर लागली होती, ती झाडली. पुठ्ठा सुटला होता, तो शिवून घेतला. चिकटपट्टी लावू नकोस, पुढं कागद पिवळा पडून तडकतो. उद्याच्या एसटीनं पार्सल निघेल.

एक मात्र सांगतो. मी शेवट वाचला. काशी पुरात बुडून मरते. अक्काला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. दुकानदार म्हणून पुस्तक पाठवतोय, भाऊ म्हणून मन कचरतंय. द्यायचं की नाही, तू ठरव.

तुझा,
इंद्रजीतमामा

•

देवगाव रंगारी,
२ जून

ती. स्व. मामा यांस,
सा. जयभीम वि. वि.

काल दिलं. लपवून काय करणार होते? पुस्तक घरात ठेवून न देण्यापेक्षा देऊन मोकळं झालेलं बरं.

बाबांनी आधी कव्हरवरून हात फिरवला. मग चष्मा मागितला आणि सकाळपासून मोठ्यानं वाचायला बसले. चहा गार झाला. २०८ ला थांबले. मी भिंतीला टेकून बसले होते, त्यांना थांबवावं असंही वाटलं नाही. त्यांनी पान उलटलं आणि काशी बुडेपर्यंत सगळं वाचून काढलं.

पुस्तक मिटून म्हणाले की, लिहिणारानं काशीला मारली व्हय, तुह्या मायनं तर तिला एकदाबी मरू दिली नाय. मग मला म्हणाले की बस, सांगतो. एका शेवटात काशी पोहत सिल्लोडच्या बाजूला निघते. एकात कन्नडच्या बाजारात बांगड्यांवरून कासाराशी भांडते. एकात तिला मुलगी होते आणि ती लई हट्टी निघते. ती तूच, असंही म्हणाले. आई रोज नवा शेवट सांगायची, बाबांना आठवतील तेवढे ते सांगत राहिले. इतके महिने मुका असलेला माणूस, मामा, घसा बसेपर्यंत बोलला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण ऐकताना मनात आलं की यात आता नवीन शेवट कोणी घालणार नाही. जेवढे आहेत तेवढेच. तेव्हा कुठं मला आई गेल्याचं कळलं, आणि मी रडले. बाबा उठून शेजारी येऊन बसले.

आमच्यावरची माया अशीच राहू द्या.

आपली,
अमृता