रोजचं एक खरं वाक्य

३ फेब्रुवारी

चि. छबी, अनेक आशीर्वाद, वि. वि.

महिना झाला, तुझं पत्र नाही. पडलीबिडली नाहीस ना? उलट टपाली कळव, नाहीतर मला झोप नाही.

इकडचं काय सांगू. सकाळी उठतो, गॅसचं बटण बंद आहे का ते तीनदा बघतो, मग खिडकीशी खुर्चीत बसतो. समोरच्या चौथ्या मजल्यावरची बाई गादी उन्हात टाकते, बारा वाजता आत घेते. माझा दिवस तेवढाच. कारखान्यात चौतीस वर्षं बोल्ट तपासले. मापाच्या एका कडीतून गेला पाहिजे, दुसरीत अडला पाहिजे, नाहीतर बाद, लाल पेटीत. तेव्हा संध्याकाळी निदान पाठ दुखायची. आता तीही दुखत नाही. कशासाठी उठतो ते कळत नाही.

तुझ्या वहिनीला जाऊन दोन वर्षं झाली. पोरगा आईच्या शेवटच्या दिवसांत आला नाही, तो आजतागायत नाही. तू त्याचं पत्र न फोडता परत धाडलंस, माझ्या बाजूने उभी राहिलीस, ते मी विसरलेलो नाही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा दादा

११ फेब्रुवारी

ती. दादा यांस सा. न. वि. वि.

पडले नाही. तुला काळजी करायला काहीतरी हवं म्हणून मला रोज एकदा पाडतोस.

मी नोकरीला होते त्या हॉस्पिटलच्या वॉर्डात पाठीचा कणा मोडलेली माणसं यायची, तीही असंच म्हणायची की आता कशासाठी उठायचं. तिथे एक समुपदेशक बाई होत्या. त्या कोणाला धीर देत नसत, कागद देत. मी तीस वर्षं ते कागद गोळा केले, म्हणून तुला सांगते. घर, शेजार, शरीर, काम असे कप्पे कर. प्रत्येकात काय मिळायला हवं ते लिहायचं नाही, आपण कशा प्रकारचा माणूस व्हायला हवं ते लिहायचं. मग पुढे दोन आकडे. मला हे किती महत्त्वाचं, दहापैकी. आणि गेल्या आठवड्यात मी तसा किती वागलो, दहापैकी. जिथे दोन आकड्यांत मोठं अंतर, तिथून सुरुवात. एक छोटी गोष्ट, एका दिवसात होणारी.

आळस करू नकोस. पेन्सिलीला टोक मी येऊन करून देणार नाही.

मायेची ओढ असू दे.
तुझी छबी

२४ फेब्रुवारी

चि. छबी, अनेक आशीर्वाद, वि. वि.

केला बाई कागद. सोबत पाठवतो. घर या कप्प्यात लिहिलं, पोराने येऊन माफी मागावी. दहा, शून्य. शरीर, काळजी न करणे. दहा, शून्य. शेजार, घर टापटीप ठेवणे. दहा, दहा. काम, शिस्त. दहा, दहा. म्हणजे दोन पास, दोन लाल पेटीत. आता पुढे काय करायचं ते लिही. मला तरी कालच्यापेक्षा आज काही वेगळं वाटत नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
दादा

५ मार्च

ती. दादा यांस सा. न. वि. वि.

तुझा कागद वाचून हसले आणि मग वाईट वाटलं. दहा आणि शून्य यांच्या मधे नऊ आकडे असतात रे. तू बोल्ट नाहीस.

पोराने माफी मागावी हे त्याच्या कागदावर शोभेल. तुझ्या कागदावर तू काय करणार ते हवं. काळजी न करणं हे तर मेलेला माणूस तुझ्यापेक्षा चांगलं करतो. बाई म्हणायच्या, मेलेल्याला जमेल ते लिहायचं नाही. टापटीप आणि शिस्त यांना एक प्रश्न विचार: पुन्हा कधीच कोणी तुझ्या दाराशी येणार नसेल, तरी तू हे करशील का? नाही असेल तर ते तुझं नाही, आपल्या बाबांचं आहे. कागद परत धाडते, त्यावरच खोडून टाक.

आणि एक. जिथे सगळ्यात जास्त ठणकतं, त्याच्याखाली बघ. जे आपल्या लेखी काहीच नसतं, ते दुखत नाही.

माया असावी, रागही चालेल.
छबी

२१ मार्च

चि. छबी, अनेक आशीर्वाद, वि. वि.

दहा-बारा दिवस कागद टेबलावर होता. टापटीप खोडली. शिस्त खोडली, खोडताना बाबांचा पट्टा आठवला. मग ठणकतं तिथे बघितलं.

खरं सांगणं. दहा. चौतीस वर्षांत वरच्या साहेबाने दटावलं तरी एकही खोटा बोल्ट मी पुढे जाऊ दिला नाही. गेल्या आठवड्याचा आकडा शून्य लिहिणार होतो, पण शेजाऱ्याला सांगितलं की त्याचा रेडिओ मला त्रास देतो, म्हणून एक.

आता ऐक. पोराला मी कळवलंच नव्हतं. त्याची नोकरी नवी, पक्की व्हायची होती. दर आठवड्याला तो विचारायचा, आणि मी सांगायचो की ताप आहे, उतरेल, धावपळ करू नकोस. डॉक्टरांनी थोडेच दिवस उरलेत म्हणून सांगितलं त्या दिवशीही तेच सांगितलं. नोकरीचं निमित्त होतं. तो आला असता तर ती खरंच जाणार हे मला मान्य करावं लागलं असतं. ती गेली, त्याला ते सगळं उरकल्यावर कळलं, आणि लोक विचारू लागले की मुलगा कुठे आहे. मी म्हणालो, कळवलं होतं, आला नाही. तुलाही तेच सांगितलं.

हे लिहायची भीती वाटते. ती जाईपर्यंत थांबलो तर कधीच लिहिणार नाही.
दादा

२ एप्रिल

दादा,

नमस्कार लिहायला हात होत नाही.

मी केलेल्या माझ्या कागदावर चांगली आत्या होणं हे पहिलं होतं. दहा. त्याला मी न्हाऊमाखू घातलं आहे. तुझ्या एका शब्दावर मी त्याचं पत्र परत धाडलं. त्यात काय होतं ते आता कळणार नाही. तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला लिहिलं. ते न फोडता परत आलं. मीच शिकवलेलं.

तुला काय करायचं ते विचारशील म्हणून लिहिते. तो परत यावा म्हणून लिहू नकोस. ते तुझ्या हातात नाही, आणि तसं लिहिलंस तर पहिल्या आठवड्यात उत्तर आलं नाही की सोडशील. खरं सांगणारा माणूस व्हायचं असेल तर त्यासाठी लिही. त्याला रोज एक वाक्य. चहा झाल्यावर, खुर्चीत बसण्याआधी. पाकीट नको, कार्ड. ते फोडावं लागत नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. पत्र मात्र बंद करणार नाही.
छबी

९ मे

चि. छबी, अनेक आशीर्वाद, वि. वि.

रोज लिहितो. चहा, कार्ड, तीन जिने उतरून कोपऱ्यावरची टपालपेटी. एका वाक्यात सकाळ जाते; परत येईपर्यंत बाईची गादी आत गेलेली असते. गॅस एकदाच बघतो, कधी दोनदा. आनंद झाला असं म्हणणार नाही. खोटं होईल.

परवा त्याचं कार्ड आलं. 'कार्डं मिळतात, वाचतो, आपण भेटायला येऊ नये.' एवढंच. लहानपणापासून मला अरे बाबा म्हणणारा पोरगा, आपण म्हणून लिहितो. दिवसभर ते कार्ड हातात होतं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता कशाला लिहायचं. मग 'तो परत यावा म्हणून लिहू नकोस' हे तुझं वाक्य आठवलं आणि चहानंतर लिहिलं. कोणत्या तारखेला डॉक्टर काय म्हणाले, तिने काय खाल्लं, कुठली गोळी बंद केली, अशी तीस कार्डं झाली. सगळी खरी, आणि सगळी एक वाक्य चुकवून लिहिलेली.

आज एकतिसावं. ते वाक्य लिहिलं. तुलाही आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तसंच उतरवतो.

'तुझी आई जाण्याआधी तिसऱ्या दिवशी म्हणाली त्याला बोलवा, मी म्हणालो बोलावलंय, आणि त्यानंतर ती दाराकडे तोंड करून निजायची.'

पेटीत टाकून आलो. खरं सांगण्याला गेल्या आठवड्यात दहापैकी तीन दिले होते. या आठवड्याला चार देतो.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क उरलेला नाही. तरी म्हणतो, कारण तेही खरं आहे.
दादा