मळेवाडीचे वाचनालय

मळेवाडी,
१२ ऑक्टोबर १९५०

तीर्थरूप सिद्धलिंगकाकांचे सेवेशी,
गुरुपादचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. मास्तर म्हणून मी शाळेत रुळलो. चौथीपर्यंत शिकलेली माणसे दोन पावसाळ्यांत अक्षर विसरतात, कारण गावात पोथीवाचून दुसरे काही वाचायला नाही. म्हणून आम्ही पाच जणांनी समिती केली आणि शाळेशेजारची खोली वाचनालयासाठी मागून घेतली. वर्गणी जमेल त्याने द्यायची. बसून वाचणाऱ्याला काही नाही. दाखल-रजिस्टर, देवघेव-रजिस्टर नीट ठेवले आणि खोली सर्व जातींना खुली राहिली, तर पुढे सरकारी अनुदानासाठी अर्ज करता येतो. पण आधी पुस्तके हवीत.

शाहूपुरीतल्या तुमच्या व्यापारी मंडळींच्या माळ्यांवर कितीतरी पडून असतील. मोठ्या टाइपाच्या गोष्टी, ऊस-पिकाची, गुरांच्या रोगांची, सोप्या कायद्याची मागावीत. कसर लागलेली मात्र नकोत. काकूंना नमस्कार.

आपला
गुरुपाद

शाहूपुरी, कोल्हापूर,
१९ नोव्हेंबर १९५०

चि. गुरुपाद यास अनेक आशीर्वाद.

गुळाचा अडत्या दारोदार बुके मागत फिरतो म्हणून पेठ हसते आहे. तुझी काकू शांतव्वा म्हणते, निदान माळा तरी रिकामा झाला. गुळाच्या परतगाडीने दोन खोकी पाठवतो.

प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक घाल. शिक्का पहिल्या पानावर मार आणि आत एका ठरलेल्या पानावरही मार. लोक पहिले पान फाडून पुस्तक आपले करतात. बांधणीच्या खळीत चिमूटभर मोरचूद घाल, कसर लागत नाही.

कूळकायद्याचे एक पातळ पुस्तक वकील मित्राने दिले आहे. ते तूर्त बाजूला ठेव. तुमच्या गावचे जमीनदार हंबीरराव यांचा गूळ माझ्याच अडतीवर येतो. उगाच तिढा नको.

तुझा
काका

मळेवाडी,
२६ फेब्रुवारी १९५१

तीर्थरूप काकांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र गाडीबरोबर देतो आहे. गाडीत बाळासो आहे. त्याला सरकारी इस्पितळात पोचवा. माझ्या उजव्या खांद्याचे हाड मोडले, म्हणून अक्षर असे.

तुमचे ऐकले नाही. ते पुस्तक मी इतरांबरोबर फळीवर ठेवले. हंबीररावांचे कूळ बाळासो याने ते घरी नेले आणि बोट ठेवून ठेवून वाचले. मामलेदाराच्या हुकुमावाचून कुळाला जमिनीवरून काढता येत नाही, हे त्याला कळले. हंबीररावांनी तोंडी जमीन सोडायला सांगितली होती. बाळासोने तेच पान चावडीवर सगळ्यांना वाचून दाखवले.

काल सकाळी हंबीररावांची माणसे नांगर घेऊन त्याच्या शेतात शिरली. तो बैलांपुढे उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "हुकूम दावा, मग नांगर घाला." कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या डोक्यात बसला. पडल्यावरही मारत होते. त्याची बायको बयाबाई अंगावर आडवी पडली तेव्हा थांबले.

तिथून ते वाचनालयात आले. फळ्या तोडल्या, पुस्तके रस्त्यावर फेकून रॉकेल ओतून पेटवली. मी आडवा गेलो. समितीतले दोघे कडी लावून घरात बसले. त्यांना दोष देत नाही. त्यांचीही हंबीररावांकडेच कुळवहिवाट आहे.

बाळासो शुद्धीवर नाही. त्याला वाचवा.

गुरुपाद

शाहूपुरी, कोल्हापूर,
३ मार्च १९५१

चि. गुरुपाद यास आशीर्वाद.

बाळासो काल पहाटे गेला. मी उशाशी होतो. एकदाच डोळे उघडले, पण ओळख नव्हती. असे फुटलेले डोके मी जन्मात पाहिले नव्हते.

दुपारी हंबीरराव अडतीवर आले. म्हणाले, पुतण्याला गावातनं न्या, ह्यो तंटा तुमच्याच बुकामुळं हाय. मी म्हणालो, "माणूस मेलाय, पावणं. तुमचा गूळ आजपासनं दुसरीकडं उतरवा."

पोलिसांत जबाब दिला. वकील मित्र बयाबाईचा मामलेदाराकडचा अर्ज फुकट लिहील. तुला परत ये म्हणून लिहिणार होतो. शांतव्वाने लिहू दिले नाही. काय पाठवू ते कळव.

काका

मळेवाडी,
१७ जून १९५१

तीर्थरूप काकांस शि. सा. न. वि. वि.

मारणाऱ्यांपैकी तिघे कोठडीत आहेत. हंबीरराव जामिनावर सुटले. वाड्याबाहेर फारसे पडत नाहीत. मामलेदारांनी जागेवर येऊन चौकशी केली आणि जमीन बयाबाईच्या वहिवाटीत ठेवली.

महिनाभर वाचनालयात कोणी फिरकले नाही. मग बयाबाई आली. जळक्यातून उरलेली पुस्तके तिने पदराने पुसली आणि म्हणाली, "एका जाग्याला ठेवली म्हणून जाळता आली." चार स्वतः उचलून घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कडी लावून बसलेले ते दोघेही आले आणि खाली मान घालून एकेक गठ्ठा घेऊन गेले. आता पुस्तके घराघरांत आहेत. कुणाकडे काय आहे ते मी लिहून ठेवतो आणि संध्याकाळी फिरून बदलून देतो. अशाला अनुदान मिळणार नाही, ठाऊक आहे.

काल बयाबाईने पेरणी केली. बांधावर निम्मा गाव उभा होता. पाभर तिची एकटीची चालली, पण बैलांना दोन्ही बाजूंनी माणसे होती.

काका, कूळकायद्याच्या जितक्या मिळतील तितक्या प्रती पाठवा. आहे तशीच माया ठेवा.

आपला
गुरुपाद