दोन पिशव्या लागतील

युसूफ वडगाव,
३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. उज्ज्वला हीस,
अनेक आशीर्वाद.

तू अंगणवाडीत पोरांचं वजन करता करता काट्यावरच कोसळलीस, असा जीवनरावांचा फोन आला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर, सगळं घर ऐकतं, म्हणून हे पत्र.

पाच महिने अंगावरून जातंय आणि तू ते खुशाल अंगावर काढतेस! बारा-बारा दिवस पाळी थांबत नाही, तासाभरात कपडा भिजतो, लिंबाएवढ्या गुठळ्या पडतात, हे मला तुझ्या नवऱ्याकडून कळावं? पंचमीला माहेरी आलीस तेव्हा पोरांचा खडू खात होतीस, चार पायऱ्यांत दम लागत होता. विचारलं तर म्हणालीस, ऊन लागलं. श्रावणात? गावातल्या पोरींना लोहाच्या गोळ्या वाटणारी बाई तू! डोकं फिरवलंस माझं.

का लपवलंस ते खरं लिही. माया आहेच, पण सध्या राग वरचढ आहे.

तुझी
मंगलआक्का

बीड, दवाखाना,
८ सप्टेंबर

ति. मंगलआक्का,
सा. न. वि. वि.

हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. डॉक्टरीणबाईंनी आधी दिवस गेलेत का ते तपासलं, मग सोनोग्राफी केली. गुंगीत माझ्या कानावर आलं, की दोन पिशव्या लागतील. मी सुईसकट उठले आणि बोंब ठोकली, की मला एकच पिशवी हाय, ती बी मी काढू देणार न्हाई! अख्खा वॉर्ड हसला. डॉक्टरीणबाई रक्ताच्या पिशव्या मागवत होत्या.

दोन्ही चढल्या, आता साडेसात आहे. गर्भपिशवीच्या आत बोराएवढी साधी गाठ आहे, तीच रक्त घालवत होती. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत. अंगात रक्त भरलं की खालूनच दुर्बिणीने गाठ काढतील. पोटाला टाका नाही, पिशवी शाबूत.

का लपवलं? पोटाची तक्रार घेऊन गेलं की पिशवी जाते, हे मी तुझ्याच बाबतीत पाहिलं, आक्का. रागावून झालं की पूर्वीसारखी माया कर.

तुझी
उज्ज्वला

युसूफ वडगाव,
१२ सप्टेंबर

चि. सौ. उज्ज्वला हीस,
पोटभर आशीर्वाद.

आधी हसले, मग लपवण्याचं कारण वाचता वाचता भाकरी तव्यावर करपली.

माझं तर नुसतं पांढरं जात होतं. वय एकोणतीस. ऊसतोडीला निघायचं होतं, खाडा नको, टोळीतल्या बायकांनी पिशवी काढली म्हणून मीही काढली. सोनोग्राफी नाही, आधी गोळ्या देऊन पाहणं नाही. तेव्हापासून कंबर धरून उठते आणि तुला मात्र शहाणपण शिकवत रागावते.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबू पिळून पाणी पी. तूच पोरींना शिकवतेस, आता स्वतः ऐक. तारीख मिळाली की कळव, मी येऊन बसते.

आणि बोंब ठोकलीस ते बरं केलंस. मला तेवढंही सुचलं नव्हतं.

तुझी
मंगलआक्का