चरचरलं म्हणजे लागू पडलं

१८ सप्टेंबर २०१७, सोमवार. अमरावती

बसाले काही नाही. हे आधी लिहिते, रामराम मंग. नऊ तास उभं राहाचं, आन् गिऱ्हाईक नसलं तरी भिंतीले टेकाचं नाही. वावरात निंदताना बाई घटकाभर बांधावर तरी टेकते. इथं पांढऱ्या फरशीवर मी बगळ्यावानी.

असो. नोकरी लागली. वय बासष्ट, शाळा चौथी, आन् काम काय, तं तोंडाले लावाचा माल इकाचा! दुकानमालक वकारसेठनं माझं तोंड उजेडाखाली पाह्यलं आन् म्हणाले, तानुबाई, तुमची कातडी पाहून लोकं इश्वास ठेवतीन. कातडी कशानं राह्यली ते मले ठाऊक. तीळतेलानं, आन् नवरा लवकर गेल्यानं.

दुकान थंडगार, वास फुलाचा. नगमा नावाची पोरगी शिकवणार. मालाची नावं पाठ कराले ही वही तिनंच देली. रोज लिहा आजी, म्हणे, अक्षर सुधरते. जिभेचं काय, तेही म्हणाली असती, पण पोरगी शहाणी आहे.

गल्ल्यापाशी एक उंच स्टूल आहे. लाल गादीचं. नवं संत्रा सीरम पह्यलं जो खपवन त्याचं ते. बाकीचे उभे.

२० सप्टेंबर

इकाची रीत शिकली. गिऱ्हाइकाले "पाह्यजे का" इचाराचं नाही, नाही म्हणाले वाट भेटते. इचाराचं, "तोंडाले काय त्रास आहे?" मंग ते सोताच सांगते. आधी सगळ्यात महाग शिशी दाखवाची, म्हणजे दुसरी सस्ती वाटते. दोन थेंब त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर, उजवा कोरा. मंग दोन्ही हात गोल दिव्याच्या आरशाखाली. डावा चमकते. त्या मालात चिकनं काहीतरी असते, दोन मिनिटांत हात मऊ लागते, धुतलं का गेलं. गिऱ्हाइकाच्या मनातून मात्र जात नाही.

गिऱ्हाईक शिशी हातात घेऊन दाराकडे पाहाले लागलं का आपण गप. शिशी परत मागाची नाही. शेवटी इचाराचं, लहान घेता का मोठी?

वकारसेठचा एकच नियम. हे सीरम फळाच्या आम्लाचं. कातडी फाटली, सोलली, लाल असली तं इकाचं नाही, डॉक्टरकडे धाडाचं. आन् कोणालेही आधी कानामागं लावून एक दिवस पाहाले सांगाचं. हाताची कातडी जाड, तिथं समजत नाही.

पाय सुजले. स्टूल रिकामंच.

२३ सप्टेंबर, शनिवार

स्टूल माझं झालं.

दुपारी एक पोरगी आली. आकांक्षा, मूर्तिजापूरकडची. तोंडाले स्कार्फ. समोरच्या गल्लीत कातडीच्या डॉक्टरकडे आलती, नंबर सतरा, लय गर्दी, म्हणून टाइमपास कराले आत शिरली. स्कार्फ काढला तं गाल लाल, नाकापाशी चिरा. कपाशीवर फवारून राहिली म्हणे, बापाचा पंप हिनंच पाठीवर घेतला. डोकं भणभणते म्हणाली. डोळ्यातून पाणी, आन् बुबुळं मुंगीएवढी.

मले समजलं. वावरात जलम गेला माझा, फवारा लागलेलं माणूस मी दुरून ओळखते.

तरी मी म्हणलं, उन्हानं झालं असन माय. नगमा जेवाले गेलती. हात दाखवला, आरसा दाखवला. पोरगी शिशी उचले, ठेवे, दाराकडे पाहे. उद्या येते म्हणाली, डॉक्टरले दाखवून. मी म्हणलं, उद्या काहून, उद्या रविवार. तिनं इचारलं, आजी, तुमी लावता का? म्हणलं, रोज. हे पाह्य, हातावरचं गोंदणसुदिक फिकं झालं. खोटं. एक थेंबही कधी तोंडाले लावला नाही. शेवटी तिनं चरचरन का असं इचारलं. मी म्हणलं, चरचरलं म्हणजे लागू पडलं.

लहान घेतली. डॉक्टरच्या पैशात तेवढीच आली. नंबराचं पुठ्ठं गल्ल्यावरच राह्यलं.

गादी मऊ आहे. पाठीले लय बरं वाटलं.

२७ सप्टेंबर

डाव्या हातावरच्या तुळशीच्या गोंदणातला एक ठिपका गेला. नगमाले दाखवलं, तिनं मोजून पाह्यलं आन् म्हणाली, आजी, पह्यलेच चार असतीन. मी पन्नास वर्षं पाच मोजते बाई.

स्टूल सकाळी ओलं होतं. नगमा म्हणाली, एसीचं पाणी. एसी दुसऱ्या भिंतीले आहे.

३ ऑक्टोबर

गोंदण सपा गेलं, एक ठिपकाही नाही. हात पोरीसारखा, मऊ. उजवा माझाच, सुकलेल्या भेंडीवानी. दोन्ही आरशाखाली धरले. वकारसेठ हसले, म्हणाले तानुबाई, तुमी तं जाहिरात आहा! गिऱ्हाईक हात पाहून शिशा नेऊन राहिले. मी स्टुलावरून उतरत नाही. उतरावं वाटते, पण गादी—

गादीले फवाऱ्याचा वास येते. फुलाच्या वासाच्या दुकानात.

सतरा नंबरचं पुठ्ठं फेकलं.

९ ऑक्टोबर

देवमन आला. आकांक्षाचा बाप. हातात शिशी, पाव उरलेली. भांडला नाही. भांडला असता तं बरं झालं असतं. गल्ल्यावर शिशी ठेवून म्हणाला, पोरगी रोज लावे. रडे, आन् लावे. आजीनं सांगितलं म्हणे, चरचरलं म्हणजे लागू पडलं. कातडीचंच दुखणं आहे म्हणून फवाराही सोडला नाही. परवा वावरात पडली. अकोल्याले नेलं, पण हाती लागली नाही. तिथं डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी कोणी डोळे पाह्यले असते तं—

मी पाह्यले होते.

वकारसेठनं इचारलं, कातडी फाटलेली होती का? मी म्हणलं, नाही. देवमननं माझ्याकडे पाह्यलं नाही, हाताकडे पाह्यलं. आन् म्हणाला, असाच हात होता तिचा.

पुठ्ठं गल्ल्यावर आहे. सतरा.

११ ऑक्टोबर

डावा गाल चरचरते. काही लावलं नाही. आरशात डावा गाल कवळा, नाकापाशी चिरा. नगमाले दिसत नाही. तिले माझं तोंड नेहमीसारखंच दिसते म्हणे.

आज उभीच राह्यली. दिवसभर. तरी गादी दबलेली. कोणी बसल्यावानी.

१२ ऑक्टोबर

बुबुळं मुंगीएवढी. माझी. अक्षर दोन दोन दिसते. वकारसेठले खरं सांगाले गेली, तोंड उघडलं तं निंघालं, लहान घेता का मोठी.

म्हणून लिहिते. कातडी फाटलेली होती. मले माहीत होतं. स्टुलासाठी केलं. बसाले भेटावं म्हणून.

१३ ऑक्टोबर, दुपार

सगळे जेवाले गेले. शटर अर्धं. स्टुलावर ते पोरगी आहे. स्कार्फ बांधलेला. शिशी हातात घेते, ठेवते. दाराकडे नाही, माझ्याकडे पाहून राहिली. पाणी टपकते. तेच इचारते, आजी, तुमी लावता का? आजी, तुमी—

स्कार्फ सोडून राहिली—

नगमा, तू आलीस तं आत येऊ नको. सेठलेही येऊ देऊ नको. तिनं कोणालेही इचारलं तरी तुमी कोणी तोंड उघडाचं नाही. तिनं मले इचारलं होतं. जबाब मीच—