चौदावं पान

बेळगाव, ता. ११ फेब्रुवारी १९४४

ती. आप्पांचे चरणी दुर्गाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

एका फाडलेल्या पानाची किंमत काढत बसले आहे: पाच दिवसांची भूक, शाळेत दोनदा चुकलेली हजेरी, आणि जयाबाईंची जागा गेली तर ती वेगळीच.

घरबांधणी सोसायटीची मी चिटणीस झाले, हे कळवलं होतंच. आधीच्या चिटणिसांची बदली झाली आणि मास्तरीणबाईंचं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्या गळ्यात आली. पहिल्याच कमिटीत शहापूरच्या जयाबाईंचा विषय निघाला. त्यांचे यजमान रवळू वारले. त्यांचा शेअर आणि डबक्याजवळचा सात नंबरचा प्लॉट बाईंच्या नावावर करायचा. मंजूर झालं. पण मी सभेत बसून लिहिलं ते तुम्हांला पत्र लिहावं तसं, कोण काय बोललं, कोण कशाला उठलं. घरी वाचलं नि लाज वाटली. कमिटीतले मारुतीराव पान थुंकून आले, हे काय इतिवृत्त झालं? चौदावं पान फाडलं आणि पंधराव्यावर आठवून सुबक लिहिलं: सूचक यल्लाप्पा, अनुमोदक केदारी, हजर सातही जणांच्या मते मंजूर.

केदारी तर ठरावाआधीच निपाणीची गाडी धरायला गेलते! आता तिकडून रस्ता निघणार असं ऐकल्यापासून मारुतीरावांना तो प्लॉट भावासाठी हवा आहे. त्यांनी वही चाळली. तेरानंतर एकदम पंधरा. म्हणाले, बाई, खोटा कागद केलासा. वीस तारखेच्या सभेत हे नामंजूर करतो आणि रजिस्ट्रारकडं अर्ज देतो. काल जयाबाई शाळेच्या दारात आल्या. माझी जागा ऱ्हाईल न्हवं, एवढंच विचारून उभ्या राहिल्या.

फाडलेलं पान ट्रंकेत आहे. जाळून टाकू का? घाईत लिहिलंय, अक्षर माफ करा.

आपली, दुर्गा

---

निपाणी, ता. १४ फेब्रुवारी

चि. दुर्गास आप्पाचा आशीर्वाद, वि. वि.

जाळशील तर माझं तोंड बघू नकोस. त्या पानाला जप.

मी वखारीत पोती उचलत मोठा झालो, पण तंबाखू मंडळाची वही वीस वर्षं लिवली. एक पान हललं न्हाय की एक काना खोडला न्हाय. म्हणून सांगतो ते ऐक. इतिवृत्त कायम करताना सभेपुढं प्रश्न एकच असतो: घडलं तेच लिहिलंय का? ठराव बरा की वाईट हा वाद तिथं निघत न्हाय. ठराव त्या दिवशी मतानं झाला; वही त्याची साक्षीदार. साक्षीदार खोटं बोलला तर मात्र घर बुडतं.

तेव्हा आधी तू उठ. मारुतीरावानं बोट दाखवायच्या आत आपलं आपण सांग. पंधराव्यावर रबर न्हाय, शाई ओतणं न्हाय. एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला अध्यक्षाची सही. आणि केदारी गेल्यावर किती उरले ते मोज. कोरम किती तुमचा? भ्यालीस तरी चालंल, लपवू नकोस.

तुझ्या आईनं तिखट पाठवलंय. लोभ आहेच, पत्र धाड.

जोतिराम

---

बेळगाव, ता. २१ फेब्रुवारी

ती. आप्पांस शि. सा. नमस्कार.

काल उभी राहिले तेव्हा टेबलाची कड धरली होती. पान मीच फाडलं म्हटल्यावर वाटलं, आता नोकरीही जाते. अध्यक्ष भरमाण्णांनी पान मागितलं आणि मलाच वाचायला लावलं.

त्यात सगळं होतं, आप्पा. केदारी गाडीसाठी उठले, उरले सहा, कोरम पाचाचा. मग यल्लाप्पांनी सुचवलं, अनुमोदनाला शामूअण्णा म्हणाले, माझं बी व्हय म्हणून लिवा. आणि पान थुंकून आलेले मारुतीराव म्हणाले, द्या खुशाल बाईला, त्या डबक्याकडंचं डास मला नकोत. एकही हात विरुद्ध नव्हता. हे वाचल्यावर लोक हसू लागले. मारुतीराव म्हणाले, असलं कोण लिवतं व्हय? शामूअण्णांनी उत्तर दिलं, तुम्ही बोलला म्हणून लिवलं. केदारींनीही आपण आधी गेल्याचं सांगितलं.

पंधराव्यावर रेघ मारली. चौदावं पान जागी चिकटवलं, जोडावर अध्यक्षांनी आडवी सही केली. दुरुस्तीसह इतिवृत्त कायम झालं. मारुतीरावांचा विरोध त्यांच्या नावानिशी लिहिला. अर्ज ते देतीलही. पण जयाबाईंचा ठराव उभा आहे. यापुढं सूचक, अनुमोदक, मतं आणि कोण केव्हा उठलं, तिथंच लिहून, तिथंच वाचून दाखवणार. अक्षर कसंही येवो.

तुमच्यासारखी वीस वर्षं बिनचूक वही मला जमेल का, देव जाणे.

आपली, दुर्गा

---

निपाणी, ता. २४ फेब्रुवारी

चि. दुर्गास आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. जयाबाईंना आमचा नमस्कार सांग. अर्ज आलाच तर वही घेऊन जा, वहीच बोलंल.

तुझं पत्र आल्यावर मंडळाची जुनी वही माळ्यावरून काढून बघितली. एकतिसावं पान न्हाय.

आप्पा