धान ओला आहे

दवनीवाडा,
सोमवार, १८ नोव्हेंबर

प्रिय नीतूताई,

पाया पडते. भाऊजींना नमस्कार सांग आणि टिंकूचे गाल माझ्या वतीने ओढ. इकडे सगळे बरे आहेत. धान कापून झाला, सासऱ्यांचा खोकला कमी आहे, म्हैस आटली आहे. झाली खुशाली. आता काम बाजूला ठेव आणि वाच, कारण शनिवारपासून मला दम निघून नाही राहिला.

पत्र काऊन, फोन काऊन नाही, म्हणशील. फोनवर तू "कशी आहेस" म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप "मजेत" निघतं. कागदावर तसं होत नाही. खोटं लिहायला गेलं की हात अडतो.

ताई, शनिवारी मी साऱ्या बायकांसमोर यांना नाही म्हटलं. यांना म्हणजे दुर्गेशला. कागदावर नवऱ्याचं नाव लिहायला मी कोणाला भिते?

पण मुळापासून सांगते, नाही तर तुला वाटेल बहीण येडी झाली.

रुक्माचं नाव तू ऐकलं असशील. माझ्याआधी दुर्गेशची सोयरीक गोंदियाच्या त्या राइस मिलवाल्यांच्या पोरीशी ठरत आली होती, तिच्या घरच्यांनी मोडली. लग्नाला पंधरा दिवस झाले नसतील, त्यानेच मला सगळं सांगितलं. तुझ्यापासून काय लपवायचं, म्हणाला. मला वाटलं, केवढा हा विश्वास. मीच मग खोदून खोदून विचारलं, ती दिसायची कशी, बोलायची कशी. स्वतःच्या हाताने खड्डा केला म्हण ना.

पहिले बारीकसारीक होतं. रुक्मा असं मोठ्याने हसायची नाही. रुक्मा साफ हिंदी बोलायची, तुझं "कायले-काऊन" चारचौघांत बरं नाही दिसत. मी चिडले की म्हणे, तुझ्या भल्यासाठीच सांगतो, तुलेच जळण होते. एकदा मी निळी साडी नेसले तर म्हणाला, "आज अगदी रुक्मासारखी दिसून राहिली." आणि ताई, मला लाज वाटते लिहायला, मी खूश झाले. दिवसभर खूश होते. मग निळ्याच साड्या घेतल्या. फोनवर तिचे स्टेटस पाहायची, तिच्यासारखी वेणी घालू लागले, पाहुण्यांसमोर हिंदीत बोलायला लागले. त्यावर म्हणतो कसा, "तिले शोभते, तुले नाही शोभत."

पुढे त्याला बोलायचीही गरज उरली नाही. भाजीत मीठ टाकताना मीच विचार करायची, तिने किती टाकलं असतं? बाजारातून टमाटे आणायचे तरी त्याला विचारून. कोणी मला काही विचारलं की माझं एकच ठरलेलं, "मला काय समजते?" बाबांची मी किती तोंडाळ पोर होते, तुला माहीत आहे.

आता गिरणीचं ऐक. आमच्या बचत गटाची छोटी राइस मिल आहे, जमुनाबाई गटाची अध्यक्ष. धान आला की सुकला की नाही ते आधी पाहावं लागतं. बाबांनी आपल्याला खळ्यावर शिकवलं होतं ना, दाणा दाताखाली धरायचा, कट्ट वाजला तर सुका, दबला तर ओला. तू कंटाळून पळायची, मी पोतंभर दाणे चावायची. जमुनाबाईच्या तोंडात दात उरले नाहीत, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मागच्या साली तिच्याच घरचा धान आला. मी दाणा चावला. दबला. ओला होता, शंभर टक्के. पण दुर्गेश बाजूला उभा होता, हसून म्हणाला, दाताने काय कळते, रुक्माकडे ओल मोजायची मशीन आहे. जमुनाबाईने विचारलं, "सांग वं, गुंजन?" आणि मी म्हटलं, "मला काय समजते?" गिरणी सुरू झाली. अर्धा तांदूळ तुटून खंडा झाला, उरलेल्याला आठ दिवसांत वास लागला. वर्षभराचं खाणं होतं तिचं. तिने मला एक शब्द नाही म्हटला, मीच मग गिरणीवर जाणं सोडलं.

या साली ती घरी येऊन बसली. पोरी, म्हणाली, तू आली नाही तर गिरणीला कुलूप लावते. गेले. आणि शनिवारी पहिलाच ट्रॅक्टर कोणाचा? आमचाच. हार्वेस्टरने काढलेला धान, एक ऊन दिलं नाही, तसाच पोत्यांत भरून दुर्गेश घेऊन आला. व्यापारी तांदळासाठी थांबला होता म्हणे.

मी दाणा चावला. दुसऱ्या पोत्यातला चावला, तिसऱ्यातला चावला. म्हटलं, ओला आहे, दोन ऊन द्या. तो हसला. आठ-दहा बायका उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "रुक्मा असती तर आतापर्यंत तांदूळ निघाला असता."

"मी रुक्मा नाही," मी म्हटलं. "मी गुंजन. आन धान ओला हाये."

जमुनाबाईने उठून गिरणीचं बटण बंद केलं. बस, एवढंच झालं. तो पोती घेऊन परत गेला. दुसऱ्या गिरणीवर नेली की अंगणात वाळत घातली, मी पाहायला गेले नाही. धान ओला आहे हे मला आता कोणाकडून पक्कं करून घ्यायची गरज नव्हती. त्याच दिवशी सगळ्या हंगामाचं काम पत्करलं, घरी न विचारता.

घरी त्याने आदळआपट केली, चारचौघांत इज्जत घालवली म्हणून. मी सांगितलं, यापुढे कोणाचं नाव घेऊन मला मोजलं की मी तिथून उठणार. काल जेवताना त्याने जमुनाबाईच्या सुनेच्या भाजीचं कौतुक काढलं. मी ताट उचलून ओसरीवर गेले, पोटभर जेवले. तो सुधारला असं मी लिहीत नाही. उद्याचं मला माहीत नाही. पण मी दोन दिवसांत इतकी मोठ्याने हसले की सासरे विचारतात, घरात कोण आलं?

आता खरी गोष्ट. पत्र त्याचसाठी आहे.

टिंकूच्या बारशाला मला ताप नव्हता. दोन वर्षं मी तुझ्याकडे आले नाही, ते शेतीच्या कामामुळे नाही. रुक्मा संपली की दुर्गेश तुझं नाव घ्यायचा. नीतू बघ किती समजदार, एकाच आईच्या पोटच्या वाटत नाही तुम्ही. तुझं बोलणं, तुझं घर, तुझी फोडणी. रुक्मा तर परकी होती, तिचा राग करायला सोपं होतं. मग मी तुझाही राग करू लागले. टिंकू झाल्याची खबर आली तेव्हा सगळे पेढे वाटून राहिले होते, आणि माझ्या मनात आलं, घ्या, आता हेही.

हे लिहिलं आणि रडले. आता बरं वाटते.

तू माझं काहीच बिघडवलं नव्हतं, ताई. गुरुवारच्या बसने येऊन राहिली, एकटी, चार दिवस. रागावायचं असेल तर पोटभर रागाव, मी ऐकून घेईन. फक्त आपल्या दोघींना शेजारी उभं करून कोणी काही म्हणायला लागलं तर त्याला गप्प कर, भाऊजी असले तरी.

तुझ्यासारखी नाही, तुझीच,
गुंजन