दुसरा आणि चौथा शनिवार

१७ जून २०२४, सोमवार

दारातूनच परत पाठवलं! फलटणहून सांगलीपर्यंत एसटीत आंब्याची पेटी मांडीवर घेऊन गेलो, ती तशीच परत आणली. जावयानं — जयराजनं — उंबऱ्याच्या आतही घेतलं नाही. नातू राजस आत असूनही नाही. त्याचा आवाज आला मला. “कोण आलंय?” असं विचारत होता.

पियू जाऊन दहा महिने झाले. काविळीनं आठ दिवसांत गेली आमची पोर. प्रियदर्शनी नाव ठेवलं होतं, हाक कधी पियूशिवाय मारली नाही. तिच्या माघारी रोज संध्याकाळी राजसचा फोन यायचा. मे महिन्यात जयराजनं दुसरं लग्न केलं आणि फोन बंद. त्याचं म्हणणं, तुमच्याशी बोलल्यावर पोरगं रात्रभर रडतं, नव्या आईला आई म्हणत नाही, त्याला आता सगळं विसरू द्या.

विसरू द्या? सात वर्षांच्या पोरानं आईला विसरायचं?

माझं डोकं फिरलं. “पोराला उचलून नेतो, बघतो कोण आडवतंय!” असं भर रस्त्यात ओरडलो. हळदीच्या अडत्यांची गल्ली ती, सगळे दुकानाबाहेर येऊन बघत होते. मनुबाईनं हाताला धरून स्टँडवर आणलं. वाटेत आंब्याची पेटीही तिनंच उचलली. चाळीस वर्षांच्या संसारात तिचं असं निमूट सावरणंच जास्त लागतं मला.

१ जुलै

साताऱ्याला वकील गाठला. म्हणाला, सरळ ताबा मागा, म्हणजे निदान भेट तरी पदरात पडेल. पटलं. फौजेत आम्हीही टेकडी मागायचो तेव्हा खंदक मिळायचा. सही ठोकली.

२३ सप्टेंबर

अर्ज परत! जयराजच्या वकिलानं पहिल्याच फटक्यात हरकत घेतली. मुलगा नेहमी जिथं राहतो, तिथल्याच कोर्टात अर्ज चालतो. म्हणजे सांगलीला. मी उठून म्हणालो, साहेब, पोरगं फलटणला आमच्या माजघराशेजारच्या खोलीत वाढलंय सव्वा महिना, पहिलं बाळंतपण माहेरीच केलं आम्ही. साहेब शांतपणे म्हणाले, जन्म कुठं झाला हा प्रश्न नाही, आज राहतो कुठं हा आहे.

तीन महिने गेले. घरी येऊन बैलांवर उगाच खेकसलो.

७ ऑक्टोबर

सांगलीला नवी वकील. ॲडव्होकेट क्रांती. माझ्या पियूपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. जुना अर्ज वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सुभेदारसाहेब, तुम्हाला पोरगं जिंकायचंय का भेटायचंय?”

मनुबाई म्हणाली, “भेटायचं हाय, बाई.”

मग तिनं समजावलं. आजीआजोबांना भेटीचा हक्क देणारं वेगळं कलम आपल्याकडं कुठल्या कायद्यात नाही. बाप जिवंत आहे, तो नैसर्गिक पालक, पोराची हेळसांड करत नाही, तर ताबा त्याच्याकडेच राहणार. पण पालक-पाल्य कायद्याखाली भेटीची परवानगी मागता येते, आणि कोर्ट एकच गोष्ट बघतं — पोराचं भलं कशात आहे. आई गेलेल्या पोराला आईकडची माणसंही हवीत, हे आपण दाखवायचं. तुमचा हक्क सांगायचा नाही. पोराची गरज सांगायची.

ताबा हा शब्द तिनं पेनानं खोडला. मला कसंसंच झालं, हत्यार खाली ठेवल्यागत. पण खोडू दिलं.

पुरावा म्हणून फोटो मागितले, फोनवरचे जुने व्हिडिओ मागितले. दर सुट्टीत पोरगं आमच्याकडंच असायचं हे शेजारच्या हरिबानं प्रतिज्ञापत्रावर सांगायचं ठरलं. हरिबा खूश. कोर्टात जायचं म्हणून आजच टोपी धुवायला टाकली त्यानं.

१० जानेवारी २०२५

जयराजचं लेखी म्हणणं आलं. त्यात माझं वाक्य जसंच्या तसं! “पोराला उचलून नेतो.” वर साताऱ्याचा ताब्याचा अर्ज जोडलेला. म्हणजे म्हातारा पळवून नेणार याला पुरावाच. पोरगं म्हणे तेव्हापासून शाळेच्या गेटबाहेर येताना घाबरतं.

माझ्या नावानं घाबरतं. जेवण गेलं नाही आज.

क्रांतीबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, आधी तात्पुरत्या भेटीचा अर्ज टाकू. कोर्टातच, समुपदेशकासमोर, एक तास. तुम्ही फक्त तोंड सांभाळा. बापाबद्दल, नव्या आईबद्दल पोरासमोर एक वाकडा शब्द गेला तर सगळं मुसळ केरात.

१० फेब्रुवारी

तात्पुरती भेट मंजूर! येत्या शुक्रवारपासून, पंधरवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, तीन ते चार. मनुबाईनं लाडू केले. शिवाय तांदूळ, नारळ, हिरवा खण पिशवीत भरला. कशाला, विचारलं तर म्हणे लागतंय.

१४ फेब्रुवारी

आज काय काय झालं, सगळं लिहून ठेवतो.

कोर्टातली मुलांची खोली. भिंतीवर हत्ती, ससे. समुपदेशक बाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या. जयराज आला नाही, दुकान होतं. राजसला घेऊन आली ती त्याची दुसरी बायको. वल्लरी नाव. बारीक चणीची, पंचविशीतली. दारातच थांबली. राजस तिच्या पदराआडून माझ्याकडं बघत होता. उंच झालाय. पियूचंच कपाळ. मी हात पुढं केले तर आणखी मागं सरला!

लाडू दाखवला. नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा दाखवला. नाही. दहा मिनिटं गेली.

तेवढ्यात मनुबाई उठली. राजसकडं गेलीच नाही. वल्लरीच्या पुढं उभी राहिली, पिशवीतून कुंकू काढलं आणि म्हणाली, “पदर फुडं कर, बाळ.” आणि तिथं, कोर्टाच्या दारात, तिची ओटी भरायला घेतली!

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी इथं कोर्टात लढतोय आणि ही त्या पार्टीला नारळ देतेय? दबक्या आवाजात म्हटलं, हे काय चाललंय.

“आवं, लेकीच्या जागी आल्याली पोर हाय. तिची पयली ओटी आपुनच भरायची असती. वरीस व्हत आलं, ऱ्हायलंय.”

खरं होतं. आमच्यात तशीच रीत आहे, लेक गेली आणि जावयानं दुसरी आणली तर तिला पहिलीच्या माहेरची लेक मानायचं. माझ्या आजीनंही केलं होतं. कोर्टकचेरीच्या नादात मीच विसरलो होतो.

वल्लरी हमसून रडायला लागली. तिला आई नाही. लहानपणीच गेली, मिरजेला मावशीनं वाढवलं. लग्नानंतर ओटी भरायला माहेरचं कुणी आलंच नव्हतं. मनुबाईनं तिला जवळ घेतलं.

राजस बघत होता. आधी आजीकडं, मग वल्लरीकडं. मग हळूच येऊन माझ्या गुडघ्याला टेकला. “आजोबा, तुम्ही मला नेणार नाही ना?”

मी म्हणालो, “न्हाई रं गड्या. म्या फकस्त भेटायला येनार.”

लाडू दोन खाल्ले. चार वाजता जाताना मला सावधानमध्ये उभं राहून सॅल्यूट ठोकला. मी शिकवलेला, विसरला नव्हता! समुपदेशक बाई वहीत लिहीत होत्या, पण त्यांचेही डोळे ओले होते, मी बघितलं.

१५ फेब्रुवारी

सकाळी मनुबाईला म्हटलं, तू जिंकलीस. ती म्हणाली, “च्या घ्या.”

२ एप्रिल

चार भेटी झाल्या. समुपदेशकांचा अहवाल चांगला आला. आज जज साहेबांनी राजसला एकट्याला चेंबरमध्ये बोलावलं. आम्ही सगळे बाहेर. काय बोलला देव जाणे. बाहेर आला तो हसत. साहेबांनी चॉकलेट दिलं म्हणे.

जयराज माझ्याशेजारच्याच बाकावर बसला होता. मग मीच म्हटलं, गल्लीत बोललो ते चुकलं. त्यानं मान हलवली. म्हणाला, पियूचं नाव निघालं की पोरगं रडायचं आणि मलाच सहन व्हायचं नाही, म्हणून फोन बंद केला. त्याच्या मनात माझ्याबद्दल राग असेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा बघून तसं काही वाटेना.

२० जून, शुक्रवार

झालं!! दोन्हीकडच्या सह्यांनी तडजोडीच्या अटी ठरल्या, साहेबांनी त्याचाच हुकूम केला. दुसरा आणि चौथा शनिवार, अकरा ते पाच, सांगलीत. बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. दिवाळीत चार रात्री फलटणला, उन्हाळ्यात एक आठवडा. वेळेवर परत सोडायचं, न विचारता शाळेत जायचं नाही, पोरासमोर दोन्ही घरांनी एकमेकांना नावं ठेवायची नाहीत. कुणी मोडलं तर पुन्हा कोर्टात यायची मुभा.

क्रांतीबाईंनी वाचून दाखवलं. ‘आईच्या माघारी आईकडील आजी-आजोबांचा सहवास अल्पवयीन मुलाच्या हिताचा आहे.’ हे वाक्य मी दोनदा वाचायला लावलं. लढाईत मेडल मिळालं तेव्हाही छाती एवढी फुगली नव्हती! कोर्टाबाहेर हरिबानं टोपी हवेत उडवली, ती नेमकी रिक्षाच्या टपावर पडली आणि रिक्षा निघाली. सांगली शहरात एक म्हातारा रिक्षामागं पळताना लोकांनी बघितला.

२८ जून, चौथा शनिवार

अकराच्या आधीच पोहोचलो. आमराई, नदीचा घाट, भेळ. पोरानं कृष्णेत दगड फेकून फेकून हात दुखवून घेतला. पाचला पाच मिनिटं कमी असताना दारात सोडलं. जयराज म्हणाला, “आत या, चहा घ्या.” गेल्या वर्षी याच दारातून आंबे परत आणले होते. आज आत बसून चहा प्यालो. साखर जास्त होती. दोन कप घेतले.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

राजस घरात! पहाटे उटणं लावलं, गुदगुल्या होतात म्हणून बोंबलत होता. त्याची आरोळी उसाच्या पार पलीकडच्या बांधापर्यंत गेली. पियूचा फोटो स्वतः पुसला आणि फराळाची वाटी त्याच्यासमोर ठेवली. रडला नाही. “आईला चकली आवडायची ना?” एवढंच विचारलं. मी हो म्हणालो आणि गोठ्यात जाऊन रडून घेतलं.

११ जानेवारी २०२६

वल्लरीचा फोन. तिला मनुबाईशी बोलायचं होतं, पण मीच उचलला. तिला पाचवा महिना लागलाय. म्हणाली, “बाबा, पहिलं बाळंतपण माहेरी करतात ना? मेमध्ये राजसलाही सुट्टी असेल. त्याला घेऊन मी तुमच्याकडं येऊ का?”

माजघराशेजारची खोली उद्यापासून रंगवायला काढतोय.